अर्धा किलो चकली, दीड किलोचं भाडं

घरून विक्री करणाऱ्यांना कुरियर कसं निवडलं असं विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, 'यांचा अर्ध्या किलोचा रेट सगळ्यात कमी होता.' रेट खोटा नसतो. पण घरगुती मालाचं पार्सल अर्ध्या किलोत बसणं ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. अर्धा किलो मसाला अर्ध्या किलोच्या भाड्यात जात नाही, चकली तर नाहीच नाही. त्यात चार घरांनी पार्सल घ्यायला नकार दिला, की स्वस्त रेट कुठच्या कुठे जातो. म्हणून कुरियरांची तुलना रेटकार्डावरून करण्यात फारसा अर्थ नाही. ती आपल्या खोक्यावरून करायला हवी. एक खोका खरोखर पोहोचता करायला सगळं धरून किती पडलं, हा आकडा काढला की कोण स्वस्त आणि कोण महाग याचा क्रम पुष्कळदा उलटा होतो.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून सांगलीतल्या एका घरगुती उद्योगाची कल्पना करू. माल दोनच प्रकारचा : कांदा-लसूण मसाला आणि भाजणीची चकली. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात आणि पार्सलं पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशी महाराष्ट्रातच जातात. भाड्याचे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत. प्रत्येकाला मिळणारा दर महिन्याच्या पार्सलांवर आणि घासाघिशीवर ठरतो, त्यामुळे आपले आकडे त्या जागी घालून पाहावेत. राज्यातल्या राज्यात पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ४० रुपये असा दर धरू. घरपोच रोख वसुलीचे, म्हणजे 'कॅश ऑन डिलिव्हरी'चे, ३५ रुपये किंवा मालाच्या किमतीच्या २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीची नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो भाड्यातच धरायचा.

स्लॅब म्हणजे भाड्याची पायरी. पायरीवर अर्धवट उभं राहता येत नाही. ५०० ग्रॅमवर १० ग्रॅम चढले, की भाडं पूर्ण १ किलोचं. आता अर्धा किलो मसाल्याचं पाकीट घ्या. मसाला ५०० ग्रॅम, पाऊच १२ ग्रॅमच्या आसपास, तीन पदरी पुठ्ठ्याचा छोटा खोका ६० ग्रॅमचा, टेप, लेबल आणि थोडा बबल रॅप मिळून आणखी १० ग्रॅम. एकूण ५८२ ग्रॅम. खोका काढून नुसत्या प्लास्टिकच्या कुरियर पिशवीत घातलं तरी वजन ५३० च्या पुढेच राहतं. म्हणजे कितीही काटकसर केली तरी अर्धा किलोचं पाकीट अर्ध्या किलोच्या पायरीवर बसणं शक्य नाही. जाहिरातीतला ४५ रुपयांचा दर या मालासाठी नाहीच. इथे भाडं ८५ रुपये.

यावर कुरियर बदलून उपयोग नाही, पाकीट बदलावं लागतं. ४०० ग्रॅमचं पाकीट केलं तर सगळं मिळून ४८० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ४५ रुपयांत जातं. दर १०० ग्रॅम मसाल्यामागे भाडं ११ रुपयांच्या जरा वर येतं. अर्ध्या किलोच्या पाकिटात तेच १७ रुपये पडत होतं. पण आपलं गिऱ्हाईक पाव किलो, अर्धा किलो याच भाषेत बोलतं. ४०० ग्रॅम म्हटलं की 'कमी का देता?' असा प्रश्न येतो. तो टाळायचा असेल तर पाव किलोची तीन पाकिटं एकत्र विकावीत. ७५० ग्रॅम मसाला आणि वेष्टन धरून साधारण ८६० ग्रॅम होतात, १ किलोच्या पायरीत सुखाने बसतात, आणि दर १०० ग्रॅममागचं भाडं ४०० ग्रॅमच्या पाकिटाइतकंच राहतं.

तिसरी वाट अनेकांच्या लक्षात येत नाही. एकाच कुरियर कंपनीचे वेगवेगळ्या पायऱ्यांचे दरपत्रक असतात. एक ५०० ग्रॅमपासून सुरू होतं, दुसरं २ किलोपासून, तिसरं ५ किंवा १० किलोपासून. पहिलं हलक्या मालासाठी, बाकीची जमिनीवरून जाणाऱ्या जड मालासाठी. समजा २ किलोवाल्या दरपत्रकात पहिल्या २ किलोला ९५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोला २५ रुपये आहेत. तिथे ६०० ग्रॅमचं पार्सल टाकलं तरी २ किलोचेच पैसे पडतात, म्हणून एका पाकिटासाठी तो दर वेडगळ वाटतो. पण दोन अर्धा किलोची पाकिटं एकत्र पाठवायची झाली, तर वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास जातं. ५०० ग्रॅमवाल्या दराने ते दीड किलो धरलं जातं, भाडं १२५. २ किलोवाल्या दराने ९५. दिवाळीत कुणी ४ किलो भरेल असा फराळाचा डबा मागवला, तर पहिल्या दराने ३२५ रुपये आणि दुसऱ्याने १४५. नेणारी गाडी तीच, पोहोचवणारा मुलगाही तोच. फरक फक्त बुकिंग करताना कोणत्या ओळीवर बोट ठेवलं याचा. धरलेल्या दरांत १ किलोपर्यंत पहिलं दरपत्रक स्वस्त आहे, १ किलो ओलांडला की दुसरं. आपल्या दरांत ही हद्द नेमकी कुठे पडते ते एकदा शोधून भिंतीवर लिहून ठेवावं.

आता चकली. मसाल्याला वजन असतं, चकलीला जागा लागते. ट्रकमध्ये आणि विमानात जागाच विकली जाते, म्हणून कुरियर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानावरून काढलेलं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येणारं उत्तर किलोत असतं. दोन्हीतलं जास्त असेल त्यावर भाडं. ५००० हा सर्वाधिक आढळणारा भाजक आहे, पण सगळ्यांचा तोच असतो असं नाही. काही ठिकाणी, विशेषतः जमिनीवरून जाणाऱ्या मालासाठी, तो ४५०० किंवा ४००० सुद्धा असतो. भाजक लहान झाला की आकारमानाचं वजन वाढतं. ४००० वाल्याकडे तोच खोका ५००० वाल्यापेक्षा सव्वापट जड ठरतो. दोन कुरियरांचे दर शेजारी ठेवताना हा आकडा विचारला नसेल, तर ती तुलना अर्धीच झाली.

अर्धा किलो चकलीसाठी २५ × २० × १२ सेंटिमीटरचा खोका घेतला, तर गुणाकार ६००० येतो, आकारमानाचं वजन १.२ किलो. काट्यावर सगळं मिळून ७०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. तरी भाडं दीड किलोचं, म्हणजे १२५ रुपये. तोच माल २२ × १८ × १२ च्या खोक्यात बसवला तर गुणाकार ४७५२ आणि वजन ०.९५ किलो. भाडं ८५. लांबीत ३ आणि रुंदीत २ सेंटिमीटर कमी करून प्रत्येक पार्सलमागे ४० रुपये वाचतात. पुठ्ठ्याचा खोका स्वस्त मिळाला म्हणून एकाच मापाचे शंभर खोके घेऊन ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार खरेदीआधी करायला हवा होता. दहा रुपयांच्या खोक्यात दोन रुपयांची सवलत मिळवून भाड्यात चाळीस घालवण्याचा हा व्यवहार घरोघर चालू असतो.

पण इथे एक फसवं वळण आहे. मोजणी खोक्याच्या छापील मापाची होत नाही, बाहेरच्या प्रत्यक्ष मापाची होते. कुरियरच्या मोठ्या केंद्रात पट्ट्यावरून पार्सल जाताना यंत्र त्याचं वजन आणि सगळ्यात फुगीर ठिकाणचं माप टिपतं. आपला २२ × १८ × १२ चा खोका चकली दाबून भरल्यामुळे तिन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर फुगला, तर यंत्राला तो २३ × १९ × १३ दिसतो. गुणाकार ५६८१, वजन १.१४ किलो, भाडं पुन्हा दीड किलोचं. म्हणून ०.९५ हे आकडेमोडीत छान दिसलं तरी व्यवहारात काठावरचं आहे. हिशेब ०.८५ ते ०.९ च्या आत बसेल असा करावा, फुगवट्याला जागा सोडावी.

माल दाबून न भरता जागा कमी कशी करायची, याचं उत्तर चकलीच्या मांडणीत आहे. पिशवीत सुट्या ओतलेल्या चकल्या जागाही खातात आणि मोडतातही. त्याच चकल्या एकसारख्या आकाराच्या पाडून, उभ्या चळतीत रचून, प्रत्येक चळत बटर पेपरात गुंडाळली आणि चळती एकमेकींना टेकवून बसवल्या, तर जागा बरीच वाचते. मग खोक्यात हलायला वाव राहत नाही आणि तुटायलाही. पार्सल बंद केल्यावर ते कानाशी धरून हलवावं. आत काही खुळखुळलं तर ते परत उघडावं. मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर, एकदा तळावर आणि एकदा कोपऱ्यावर पाडून पाहावं. प्रवासात ते याहून सौम्य वागवलं जाणार नाही. 'नाजूक, सांभाळून हाताळा' हे लाल स्टिकर लावायला हरकत नाही, पण पट्ट्यावरून घसरणाऱ्या पार्सलवरचं स्टिकर कुणी वाचत बसत नाही.

भरावासाठी रद्दी वापरणं फुकट असतं असं वाटतं. वर्तमानपत्राचा चार पानांचा एक मोठा कागद साधारण १५ ते २० ग्रॅमचा. पाच कागद चुरगाळून घातले की ७५ ते १०० ग्रॅम वाढतात. ४८० ग्रॅमचं मसाल्याचं पार्सल एवढ्यावर पुढच्या पायरीवर जातं आणि फुकटची रद्दी ४० रुपयांना पडते. तिथे बबल रॅप बरा. चकलीच्या पार्सलला मात्र काट्यावरच्या वजनात भरपूर मोकळीक आहे, तिथे रद्दी खुशाल घालावी. वेष्टनाचं कुठलंच साहित्य सरसकट स्वस्त किंवा महाग नसतं. कोणतं वजन आपल्याला नडतंय, काट्यावरचं की आकारमानाचं, ते आधी पाहायचं. मसाल्याला तर खोकाही दर वेळी लागत नाही. उष्णतेने नीट सील केलेला पाऊच दुसऱ्या पाऊचमध्ये घालून कुरियर पिशवीत पाठवला तरी तो पोहोचतो. फक्त सील कच्चं असेल, तर पार्सल पोहोचेपर्यंत पत्त्याचं लेबल तेलाने माखून वाचता येत नाही. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं, म्हणून दुहेरी पाऊच इथे चैन नाही.

आता पाठवायचं कुणाकडून. घरगुती विक्रेत्यापुढे ढोबळमानाने तीन दारं असतात : पोस्ट, गावातलं कुरियरचं काउंटर, आणि अनेक कुरियर एका जागी दाखवणारी मध्यस्थ संकेतस्थळं, म्हणजे शिपरॉकेट, निंबसपोस्ट, आयथिंक लॉजिस्टिक्स यांसारखी. एसटीचं किंवा ट्रॅव्हल्सचं पार्सल हे चौथं दार. पण त्यात गिऱ्हाइकाला स्टँडवर किंवा ऑफिसात जाऊन माल घ्यावा लागतो. एकाच दुकानदाराला दहा-पंधरा किलो पाठवायचे असतील तेव्हा ते उत्तम, सुट्या घरगुती ऑर्डरला निरुपयोगी.

पोस्टाबद्दल एक गैरसमज आधी दूर करू. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये, वर जीएसटी, असे आकडे तेव्हा बातम्यांत आले. हे दर कागदपत्रांच्या टपालाचे आहेत. मसाल्याचं पाकीट पार्सलमध्ये मोडतं आणि त्याचा हिशेब वेगळा होतो. पोस्टाच्या संकेतस्थळावर दोन पिनकोड आणि वजन टाकलं की नेमका आकडा मिळतो, तोच धरावा. पोस्टाचं खरं बळ दरात नाही, पोहोचण्यात आहे. दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं असलेली यंत्रणा गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या आडगावी पोस्टमनमार्फत जाते. खासगी कंपन्या तिथे एक तर जात नाहीत, नाही तर तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतात, किंवा दूरच्या भागाचा जादा आकार लावतात. दुसरं बळ असं की काउंटरवर केलेलं स्पीड पोस्ट न पोहोचता परत आलं, तर परतीचं वेगळं भाडं मागण्याचा रिवाज तिथे आजवर नाही. बुक करताना आपल्या कार्यालयात हे विचारून घ्यावं. उणी बाजू अशी की रांगेत उभं राहावं लागतं, आणि दहा पार्सलं असली की निम्मी सकाळ त्यात जाते. आपल्या वेळेला शून्य किंमत लावणाऱ्याला पोस्ट नेहमीच स्वस्त वाटतं.

गावातल्या काउंटरचा फायदा ओळखीचा आहे. महिन्याला ठरावीक पार्सलं देतो म्हटलं, की तो किलोमागे दर ठरवून देतो, आणि जवळच्या शहरांना आकारमानाकडे पुष्कळदा काणाडोळाही करतो. चकलीवाल्याला याचं मोल फार. पण रोख वसुली तिथे सहसा मिळत नाही. परत आलेल्या पार्सलचे पैसे किती, हे पावतीवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. पहिल्याच दिवशी विचारावं : माल परत आला तर भाडं पुन्हा पूर्ण घेणार का, आणि वाटेत हरवला तर जास्तीत जास्त किती भरपाई. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून महागड्या मालाचा बेत बदलणारे बरेच असतात.

मध्यस्थ संकेतस्थळांवर घरून पार्सल उचललं जातं, रोख वसुली होते, पाच-सात कुरियरांचे दर एका पडद्यावर दिसतात. त्यासाठी आधी खात्यात पैसे भरून ठेवावे लागतात आणि त्यातून भाडं वळतं होतं. वजनातल्या फरकाची कुऱ्हाडही इथेच पडते. आपण बुकिंगला ०.५ किलो लिहिलं, केंद्रातल्या यंत्राला १.५ दिसलं, की काही दिवसांनी फरकाची रक्कम खात्यातून वजा होते. माल तेव्हा गिऱ्हाइकाच्या पोटात असतो, पुन्हा मोजणार कशाचं? म्हणून पुराव्याचे फोटो पार्सल घराबाहेर पडण्याआधीच काढायचे. एक काट्यावरचा, आकडा आणि लेबलवरचा पार्सल क्रमांक दोन्ही दिसतील असा. आणि तीन फोटो, प्रत्येक बाजूला टेप लावून. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, बऱ्याच ठिकाणी कामकाजाचे सातच. ते उलटले की आकार मान्य केला असं धरतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. टेप मात्र शिंप्याची नको, ती वापरून वापरून ताणलेली असते.

परतीचा खर्च मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सगळ्यात मोठं भोक तिथेच आहे. गिऱ्हाइकाने दारात नाही म्हटलं, पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, की साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल उलट फिरतं. खासगी कुरियर अशा वेळी जाण्याचं भाडं घेतातच, येण्याचंही घेतात, बहुधा तितकंच. वसुलीचे ३५ रुपये तेवढे लागत नाहीत, कारण वसुली झालेली नसते. आधी पैसे घेतलेल्या ऑर्डरी क्वचित परत येतात. रोख वसुलीच्या येतात.

आता आकडे. चकलीचं पार्सल, सांगलीहून नागपूर, १ किलोची पायरी, मालाची किंमत ४२० रुपये. रोख वसुलीने गेलं आणि पोहोचलं, तर ८५ अधिक ३५ मिळून १२० आणि त्यावर कर : १४१ रुपये ६० पैसे. परत आलं, तर ८५ जायचे, ८५ यायचे, कर धरून २०० रुपये ६० पैसे, आणि हाती एक पैसा नाही. अशा २० ऑर्डरींपैकी ४ परत आल्या असं धरू. पोहोचलेल्या १६ चे २,२६५ रुपये ६० पैसे, परतलेल्या ४ चे ८०२ रुपये ४० पैसे, एकूण ३,०६८. हा खर्च पोहोचलेल्या १६ नीच भरायचा आहे. म्हणजे पार्सलमागे जवळजवळ १९२ रुपये. शिवाय आठ-दहा दिवस फिरून आलेली चकली दुसऱ्याला विकता येत नाही. एका पाकिटाचा करायचा खर्च २२० रुपये धरला तर ८८० रुपयांचा माल गेला, म्हणजे आणखी ५५ रुपये. ४२० रुपयांच्या विक्रीमागे पोहोचवण्याचा खरा खर्च २४७ रुपये. पैसे आधी घेऊन पाठवलेल्या त्याच पार्सलला पडतात १०० रुपये ३० पैसे.

या १४७ रुपयांच्या फरकापुढे दोन कुरियरांच्या दरातला पाच-सात रुपयांचा फरक किरकोळ आहे. यूपीआयने आधी पैसे देणाऱ्याला सरळ ५० रुपयांची सूट दिली, तरी विक्रेता फायद्यात राहतो. रोख वसुली बंदच करणं सगळ्यांना परवडत नाही, नवं गिऱ्हाईक अनोळखी माणसाला आधी पैसे द्यायला बिचकतं. मधला मार्ग चांगला चालतो : १०० रुपये आधी, उरलेले दारात. परत आलं तर भाड्याचं नुकसान निम्म्यावर येतं. पण खरा फायदा असा की, १०० रुपये भरलेला माणूस पार्सल नाकारत नाही.

माल पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर पत्ता पुन्हा लिहून घ्यावा, जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर मागावा. उत्तरच न देणाऱ्याचं पार्सल पाठवू नये, कारण जो संदेशाला उत्तर देत नाही तो पोहोचवणाऱ्या मुलाचा फोनही उचलत नाही. पार्सल निघाल्यावर पडद्यावर 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद दिसली, की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करावा. पुष्कळदा तो म्हणतो, मी तर दिवसभर घरीच होतो. मग संकेतस्थळावर पुन्हा प्रयत्न करा अशी सूचना लगेच नोंदवायची. ती वेळेत गेली नाही तर तिन्ही प्रयत्न कागदावरच संपतात.

परतीचा दुसरा प्रकार म्हणजे माल मिळाल्यावर नको वाटणं. कुडती विकणाऱ्यांना मापाच्या बदलीसाठी हे रोजचं आहे. गिऱ्हाइकाच्या घरून उलट पार्सल उचलायला जाण्याच्या भाड्यापेक्षा जास्त पडतं, म्हणून बदलीचं एका बाजूचं भाडं गिऱ्हाइकाने भरायचं हे विक्रीच्या वेळीच लिहिलेलं असावं. खाण्याच्या मालात परत मागवण्याला अर्थच नाही. चकली मोडून पोहोचली असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाहून निम्मे पैसे द्यावेत किंवा पुढच्या ऑर्डरीत एक पाकीट जादा घालावं. ८५ रुपये खर्चून चुरा परत आणू नये.

आपल्या सांगलीच्या उद्योगाचा हिशेब मांडला तर एकच कुरियर निघत नाही. मसाल्याची पाव किलोची तिहेरी पाकिटं, पैसे आधी घेऊन, मध्यस्थ संकेतस्थळावरून ५०० ग्रॅमवाल्या दराने. दोन किंवा तीन अर्धा किलोची पाकिटं एकत्र असली तर २ किलोवाल्या दराने. तिथे दीड किलो मसाला ९५ रुपयांतच जातो, म्हणून तीन पाकिटं घेणाऱ्याला भाडं माफ म्हणणं परवडतं. पुण्या-मुंबईची चकली गावातल्या काउंटरवरून, आकारमानाचं बोलणं आधी करून घेऊन. नागपूरची चकली छोट्या खोक्यात, पैसे किंवा निदान १०० रुपये हाती आल्यावरच. आणि ज्या पिनकोडसमोर संकेतस्थळ 'सेवा उपलब्ध नाही' म्हणतं किंवा दूरच्या भागाचा आकार लावतं, ती सगळी पार्सलं बुधवारी आणि शनिवारी एकदम पोस्टात.